सिंगल बॉयलरवर टेंपरेचर सर्फिंग: पहिला कप छान, दुसरा आंबट, तिसरा कडू

कोथरूडकरीण

दिवाळीच्या सुमारास एका ओळखीच्यांकडून गॅजिया क्लासिक हे जुने एस्प्रेसो यंत्र घेतले. एकच बॉयलर, तीन बटणे, तापमान नेमके राखणारा पीआयडी वगैरे काही नाही. रोज सकाळी एकटीसाठी एक कप काढते तोवर सगळे आलबेल असते. रविवारी पाहुणे आले की फजिती.

पहिला कप छान. लगेच काढलेला दुसरा आंबट, जिभेच्या कडा आवळणारा. मग कोणाला तरी कॅपुचिनो हवी असते म्हणून दूध फेसाळते, आणि त्यानंतरचा तिसरा कप कडू, राख चाटल्यासारखा. पूड तीच (चिकमगळूरची, मध्यम भाजणी), १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २७-२८ सेकंद. वजनकाटा आणि घड्याळ दोन्ही लावून बसते, त्यामुळे हात चुकतोय असे वाटत नाही. "तापले" सांगणारा दिवा लागलेला असल्याशिवाय मी बटण दाबतच नाही.

पीआयडी बसवून घ्या असे दोघांनी सांगितले. बसवेनही, पण आधी आहे त्यात काय होतेय ते कळू दे. टेंपरेचर सर्फिंग म्हणतात ते नेमके कसे करायचे?

गरमागरम

यंत्र पुरते तापत नसणार. दिवा पाच मिनिटांत लागतो, पण ग्रुपहेड, म्हणजे जिथून पाणी पुडीवर पडते तो भाग, पितळेचा गोळा आहे, त्याला अर्धा तास लागतो. पोर्टाफिल्टर, म्हणजे पुडीचे दांडेवाले भांडे, अडकवून ४० मिनिटे चालू ठेवा. मी तेवढेच करतो, तीन वर्षांत एकदाही आंबट कप आलेला नाही.

तारकर्लीचा_वारा

सर्फिंग वाचून धागा उघडला, निघाली कॉफी. असो, आलोच आहे तर विचारतो. माझ्या मोका पॉटमधली कॉफीसुद्धा कधी कधी कडू येते. त्यालाही हेच करायचे का? गॅस किती ठेवावा?

बॉयलरबुवा

कोथरूडकरीण ताई, तुमचा हात चुकत नाही. तुम्ही दिव्यावर विश्वास ठेवताय, तिथे गोची आहे.

त्या दिव्याचा अर्थ "पाणी योग्य तापमानाला आहे" असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की या क्षणी हीटर बंद आहे. बॉयलरवर बटणाएवढा एक थर्मोस्टॅट बसवलेला असतो, आत दोन धातूंची चकती. तुमच्या यंत्रात ती साधारण १०७ अंशांना टक् करून उलटते आणि हीटर बंद होतो. पण परत सुलटायला तिला बरेच खाली यावे लागते. शिवाय हीटर बंद झाल्यावरही त्याच्यातली साठलेली उष्णता बॉयलरमध्ये उतरत राहते, म्हणून पत्रा १०७ वर न थांबता आणखी वर चढतो. मी माझ्या क्लासिकच्या बॉयलरवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवून पाहिले होते: वर ११६, खाली ९७. या १९ अंशांच्या पट्ट्यात उतरताना दिवा सतत लागलेलाच असतो. म्हणजे तुम्ही दिवा बघून बटण दाबता तेव्हा या जिन्याच्या नेमक्या कोणत्या पायरीवर आहात ते तुम्हाला माहीतच नसते.

(हे आकडे बॉयलरच्या पत्र्याचे आहेत. कॉफीच्या पुडीपर्यंत पोचेपर्यंत पाणी बरेच निवते. तिथे आपल्याला ९० ते ९६ च्या दरम्यान हवे असते.)

आता तुमचे तीन कप घ्या.

पहिला: यंत्र तासभर चालू होते, तापमान वरखाली होत होते, तुम्ही मधेच कुठेतरी बटण दाबले. नशिबाने बरे जमले. रोज जमते कारण तुमची सकाळची सवय मिनिटा-मिनिटाने सारखी असेल.

दुसरा: पहिल्या शॉटमध्ये पन्नास-साठ मिली गार पाणी टाकीतून बॉयलरमध्ये शिरले. बॉयलर जेमतेम १०० मिलीचा. दिवा विझला, हीटर लागला, आणि पत्रा तापल्यावर दिवा पुन्हा लागला. पण हीटर पत्र्याला तापवतो, पत्रा पाण्याला. दिवा लागला त्या क्षणी आतले पाणी मागेच होते. तुम्ही लगेच बटण दाबले. आंबट.

तिसरा: वाफेसाठी बॉयलर १४५ च्या आसपास जातो. स्टीमचे बटण बंद केल्यावर १०७ च्या वर आहे म्हणून हीटर बंद, म्हणून दिवा लागलेला! १३० अंशांवरही तो तुम्हाला "या, काढा" म्हणणार. राख तिथून आली.

गरमागरम यांचे अर्धे बरोबर आहे. अर्धा तास तापवायलाच हवे, नाहीतर पुढचे सगळे वाया. पण ४० मिनिटांनी ग्रुप स्थिर होतो, बॉयलर नाही. तुम्ही बहुधा एकच कप काढता.

तारकर्ली, मोका पॉटला थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे हा खेळ तिथे नाही. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेले पाणी घाला, आच मंद ठेवा, फुर्रर्र आवाज सुरू झाला की उतरवा. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा राव.

कोथरूडकरीण

बुवा, दंडवत. दिव्याचे हे आजवर कोणीच सांगितले नव्हते. मग मी नेमके करू काय?

बॉयलरबुवा

प्रत्येक शॉटच्या आधी यंत्राला एकाच ठिकाणी आणून उभे करायचे आणि तिथून मोजायचे. सर्फिंग म्हणजे एवढेच. ते ठिकाण म्हणजे थर्मोस्टॅटची टक्, कारण तीच एक गोष्ट दरवेळी जवळपास त्याच तापमानाला घडते.

पूड दाबून तयार ठेवा, पण पोर्टाफिल्टर अजून लावू नका. ग्रुपखाली एक मग ठेवून पंप चालू करा. सुरुवातीला पाणी फुसफुसत, वाफ टाकत येईल. ते शांत होईल, पण तरी थांबू नका. दिवा विझेपर्यंत सोडत राहा. साधारण ७०-८० मिली लागते. दिवा विझला, पंप बंद. आता हीटर चालू आहे. ग्रुप पुसा, पोर्टाफिल्टर अडकवा. अर्ध्या मिनिटाच्या आत दिवा परत लागेल. तिथून घड्याळ सुरू.

किती थांबायचे? दिवा लागल्यावर पहिली तीसेक सेकंदे तापमान भराभर चढत असते. त्या चढणीवर शॉट काढलात तर पाच सेकंदांच्या चुकीने दोन-तीन अंश इकडचे तिकडे होतात. माथ्यावर पोचल्यानंतरची उतरण मात्र संथ असते, माझ्याकडे १५-२० सेकंदांना एखादा अंश. म्हणून मी नेहमी उतरणीवर काढतो. ४५ सेकंदांपासून सुरुवात करा. कडू लागले तर पुढच्या वेळी ६०, मग ७५. आंबट लागले तर ४० वर या. पण फार रेंगाळू नका, तीन-चार मिनिटांत चकती पुन्हा सुलटते आणि हिशोब पहिल्यापासून.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ग्राइंडरला हात लावायचा नाही.

डोंबिवली_ते_दुबई

माझा अनुभव बरोबर उलटा आहे. दिवा लागला की थांबायचे आणि विझला की मोजायला लागायचे. माझी रॅन्सिलिओ सिल्व्हिया आहे, नऊ वर्षे हेच करतोय. बुवांनी सांगितल्यासारखे केले तर हीटर चालू असताना शॉट निघेल.

बॉयलरबुवा

डोंबिवलीकर, आपण दोघे एकच बोलतोय. सिल्व्हियाचा दिवा हीटर चालू असताना लागतो, ताईंच्या गॅजियाचा हीटर बंद झाल्यावर. यंत्र कोणतेही असो, एकदा खात्री करून घ्या: गार यंत्र चालू केल्या केल्या दिवा लागला तर तो "तापवतोय" सांगणारा, काही मिनिटांनी लागला तर "तापले" सांगणारा.

दुसरा फरक मोठा आहे. तुमचा बॉयलर पितळी, ३०० मिलीचा. साठ मिली गार पाणी त्यात शिरले तरी फारसे बिघडत नाही. शॉटच्या सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान जवळ राहते. पण तो तापायला आणि निवायला वेळ घेतो, त्यामुळे तुमचे सेकंद ताईंच्या कामाचे नाहीत आणि त्यांचे तुमच्या.

डोंबिवली_ते_दुबई

हो की! दिव्याचे लक्षातच आले नाही. मी विझल्यावर ६० सेकंद थांबतो, गडद भाजणी असेल तर ९०. इथे दुबईत उन्हाळ्यात टाकीतले पाणीच ३५ च्या वर असते, तेव्हा फ्लशला, म्हणजे शॉटआधी सोडायला, जास्त पाणी लागते एवढा फरक जाणवतो.

कोथरूडकरीण

काल प्रयोग केला, पण गोंधळलेय. थर्माकोलच्या कपात स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर धरून त्यात ग्रुपचे पाणी घेतले. ५० सेकंद थांबून ६० मिली. आकडा आला ८४! मग ३० सेकंदांवर घेतले, ८६. ९० च्या जवळपासही जात नाही. थर्मोस्टॅट खराब आहे का? बदलून १२० चा बसवू?

गरमागरम

बदलून टाका. माझ्या मेव्हण्याने बदलला होता, त्याची कॉफी सुधारली.

बॉयलरबुवा

थांबा थांबा, बदलू नका!

रिकाम्या ग्रुपमधून पाणी धो धो येते, दहा सेकंदांत ६० मिली. शॉटमध्ये तेच पाणी २८ सेकंद घेते, गरम ग्रुपमधून, गरम पुडीतून झिरपत. तुमच्या चाचणीत गार पाणी भसकन आत शिरून गरम पाण्यात मिसळले आणि तेच कपात आले. वर हवेत निवले, कपाने थोडे खाल्ले, थर्मामीटरची जाड कांडी आकडा दाखवायला वेळ लावते. त्यामुळे कपातला आकडा खरे तापमान म्हणून वाचायचा नाही.

पण चाचणी फुकट गेली नाही. दोन आकड्यांची तुलना करता येते. ३० ला ८६ आणि ५० ला ८४, म्हणजे तुमचा माथा तिसाव्या सेकंदाच्या आसपास आहे. आता ५० सेकंदांवर तीच चाचणी लागोपाठ चार वेळा करा, दरवेळी आधी फ्लश करून. चारही आकडे एका अंशात आले तर तुमचे सर्फिंग जमले. नेमका आकडा किती ते जीभ ठरवेल.

खरे मोजायचे असेल तर केसाएवढ्या तारेचे थर्मोकपल पुडीच्या वर, जाळीच्या खाली ठेवून शॉट काढावा लागतो. मी एकदा केले, अर्धी कॉफी ओट्यावर. पुन्हा नाही.

सांगलीचा_इलेक्ट्रिशियन

कॉफी पित नाही, चहावाला माणूस. पण पोरगी बंगळुरूहून असलेच यंत्र घेऊन आली आहे म्हणून वाचतोय. एक शंका. तुम्ही सगळे सेकंद मोजताय, व्होल्टेज कोणी मोजले का? आमच्याकडे संध्याकाळी १९५ पर्यंत उतरते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ला १४०० वॉटचा हीटर १९५ ला हजाराच्या आसपासच येणार. मग तुमचे ४५ सेकंद सकाळचे की संध्याकाळचे?

बॉयलरबुवा

काका, लाख बोललात. याचा मी विचार केला नव्हता.

दिवा विझल्यापासून लागेपर्यंतचा वेळ नक्की वाढेल, पण तो आपण मोजत नाही, त्यामुळे तिथे फरक पडू नये. प्रश्न दिवा लागल्यानंतरचा आहे. हीटर कमी ताकदीने चालला तर त्याच्यात साठलेली उष्णताही कमी, म्हणजे माथा बुटका होणार आणि लवकर येणार. तेच ४५ सेकंद थोडे गार पडतील. शिवाय शॉट चालू असताना जे घडते तेही बदलेल.

हातघाई

शॉट चालू असताना जे घडते त्यावर कोणी बोलतच नाहीये, आणि माझ्या मते गॅजियात तेच महत्त्वाचे आहे. बुवांच्या पद्धतीत शॉट हीटर बंद असताना सुरू होतो. १०० मिलीच्या बॉयलरमध्ये गार पाणी शिरत राहते, चकती सुलटेपर्यंत हीटर झोपलेला. शेवटच्या दहा सेकंदांत तापमान पार कोसळते.

साधा हिशोब बघा. सेकंदाला २ ग्रॅम पाणी २५ वरून ९५ वर न्यायचे तर सुमारे ५९० वॉट लागतात. हीटर १४०० चा. म्हणजे चालू असला तर तो सहज पुरून उरतो, बंद असला तर शून्य. म्हणून मी दिवा लागल्यावर मिनिटभर थांबतो, मग स्टीमचे बटण पाच-सहा सेकंद दाबून हीटर जागा करतो, बटण परत बंद आणि लगेच शॉट. साठवलेली उष्णता शॉटभर उतरत राहते. गोडवा वेगळाच येतो.

बॉयलरबुवा

हिशोब बरोबर आहे, आणि तापमान घसरते हेही मान्य. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते पाच-सहा सेकंद हाताने मोजायचे, आणि तिथे एका सेकंदाची चूक म्हणजे १४०० ज्यूल. शंभर मिली पाणी त्याने तीनेक अंश चढते, धातूत वाटले गेले तरी दोन तरी धरा. एक अनिश्चितता घालवायला दुसरी आणली. दुसरे म्हणजे स्टीमचे बटण विसरले तर १४५ चे पाणी कॉफीवर. माझ्या हातून झालेय.

मला उतरता आलेख चालतो. मध्यम आणि गडद भाजणीत शेवटी पाणी थोडे गार झाले तर कडूपणा कमीच उतरतो.

हातघाई

फिकी भाजणी पिऊन बघा मग बोलू. तुमच्या पद्धतीने ती लिंबू सरबत लागते.

बॉयलरबुवा

फिक्या भाजणीला तुमचे म्हणणे मान्य करतो. त्यापुढे नाही.

ओट्याजवळची

माझ्याकडे छोटे थर्मोब्लॉकचे यंत्र आहे, ७० मिली सोडून बघितले, दिवा विझतच नाही. माझे बिघडले आहे का?

बॉयलरबुवा

नाही ताई. थर्मोब्लॉकमध्ये साठवलेले पाणी नसतेच, नळीतून जाता जाता ते तापते. तिथे शॉटआधी रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून कपभर पाणी सोडून सगळे गरम करून घ्या, बस. सर्फिंगची भानगड तुम्हाला नाही.

कोथरूडकरीण

रविवारचा वृत्तांत.

सकाळी पाहुण्यांच्या आधी चार वेळा कप-चाचणी केली, ५० सेकंदांवर: ८४, ८५, ८४, ८४. तिथेच उडी मारली मी. आधी फ्लश न करता, नुसता दिवा बघून घेतली होती तेव्हा ७९ ते ९१ काहीही येत होते.

मग खरे कप. ५० ला काढलेला पहिला किंचित कडवट वाटला म्हणून ६५ वर गेले. दुसरा, तिसरा ६५ वरच, दोन्ही सारखे. नवऱ्याला डोळे मिटून दिले, त्याला वेगळे सांगता आले नाहीत (त्याला एरवीही येत नाहीत म्हणा). एका कपामागे साधारण दोन मिनिटे जास्त जातात. तेवढ्यात पुढची पूड दळून होते.

दुधानंतरचा कप मात्र अजून जमत नाही. वाफ बंद करून दिवा विझेपर्यंत पाणी सोडले, जवळपास दोन मग भरले. मग दिवा लागल्यावर ६५ सेकंद. तरी कडूच, राख नाही पण कडू.

बॉयलरबुवा

वाफेनंतर बॉयलरचे पाणी निवते, पण ग्रुपचा पितळी गोळा तेवढ्याने निवत नाही. तो वरचे चार-पाच अंश धरून बसतो. दिवा विझवण्याची फेरी दोनदा करा: सोडा, दिवा लागू द्या, पुन्हा सोडा, मग मोजा. मधे ओले फडके ग्रुपवर धरले तरी चालते, हात सांभाळून. आणि कॅपुचिनो नंतर काळी कॉफी हा क्रमच टाळता आला तर उत्तम. आधी सगळे शॉट, शेवटी दूध.

एक मात्र कधी चुकवू नका. वाफ काढली की बॉयलरमधले पाणी कमी झालेले असते. काळी कॉफी पुढे काढायची नसली तरी पंपाने पाणी भरूनच यंत्र बंद करा. रिकाम्या बॉयलरवर हीटर चालला तर तो जातो.

गरमागरम

आज मीही करून पाहिले. लागोपाठ दोन कप, फ्लश न करता. दुसरा आंबट. तीन वर्षांत दुसरा कप काढलाच नव्हता हे आत्ता लक्षात आले.

सांगलीचा_इलेक्ट्रिशियन

पोरीच्या यंत्रावर मीटर लावून बसलो होतो. सकाळी २२८ व्होल्टला दिवा विझल्यापासून लागेपर्यंत २४ सेकंद. संध्याकाळी १९७ ला ३७. पोरगी म्हणते संध्याकाळचा कप आंबट आहे. तिने ६५ चे ४५ केले तर बरा आला म्हणे. पण पंपाचा आवाजही संध्याकाळी मवाळ होता आणि शॉटला ३४ सेकंद लागले, तेव्हा फरक तापमानाचा की दाबाचा ते मला सांगता येत नाही. दुकानात दोन केव्हीएचा स्टॅबिलायझर पडून आहे. शनिवारी तो लावून संध्याकाळी पुन्हा मोजतो.